फोन आपोआप टच होतोय? फोल्डर बदलायच्या आधी एवढं करून पाहा

मे महिन्याच्या शेवटी, नवतपा चालू असताना, माझ्या फोनने रात्री अडीच वाजता माझ्या मामेसासऱ्यांना कॉल लावला. मी गाढ झोपेत होतो आणि फोन उशाशी चार्जिंगला होता. सकाळी त्यांचा काळजीचा फोन आला, "जावईबापू, सगळं बरं आहे ना?" मग कॉलची यादी उघडली. एकूण सहा कॉल, त्यातले दोन गॅस एजन्सीला.

त्याच दिवशी नागपुरात बर्डीवर एका दुकानात फोन दाखवला. पोरानं अर्धा मिनिट पाहिला आणि निकाल दिला, "फोल्डर गेलं भाऊ, नवीन टाका लागते." फोल्डर म्हणजे वरची काच, टच आणि डिस्प्ले मिळून अख्खी स्क्रीन. २,६०० रुपये. मी विचार करून येतो म्हणून परतलो.

शेवटी माझ्या फोनचं फोल्डर खरंच गेलेलं निघालं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनाही दुसऱ्या दुकानात हेच सांगितलं होतं, आणि त्यांचं काम एक सेटिंग बंद करून भागलं. बाहेरून दोन्ही फोन सारखेच वेडे झालेले दिसत होते. फरक कळतो तो खोटे टच कुठे येतात आणि कधी येतात यावरून. ते ओळखायला साधारण एक संध्याकाळ आणि एक रात्र लागते.

## काचेखाली काय चाललेलं असतं

डोळ्यांना न दिसणाऱ्या पारदर्शक तारांची एक जाळी स्क्रीनमध्ये असते, काही उभ्या, काही आडव्या. शेजारच्या दोन तारांमध्ये चारेक-पाचेक मिलिमीटरचं अंतर असतं. तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे थोडा विद्युतभार साठतो. बोट जवळ आलं की त्यातला काही भार बोटाकडे वळतो आणि तिथलं मोजमाप किंचित घटतं. टच आयसी नावाची चिप सेकंदाला कित्येक वेळा ही सगळी जाळी मोजते, आणि हात न लावलेल्या कोऱ्या स्क्रीनचं जे माप तिनं लक्षात ठेवलंय त्याच्याशी ताडून पाहते. जिथे फरक दिसला तिथे टच.

म्हणजे चिपला बोट दिसत नाही, फक्त फरक दिसतो. तो घामाच्या थेंबाने पडो, चार्जरमधून आलेल्या गोंगाटाने पडो की तुटक्या तारेने, तिच्या लेखी बोटच. पुढच्या सगळ्या पायऱ्या एकेक संशयित बाजूला काढण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका, कारण सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत आणि शेवटची महाग.

## जवळ काय असू द्यावं

चष्मा पुसायचं मऊ कापड, सिम काढायची पिन, एक पॉवर बँक, एक ओटीजी अडॅप्टर आणि घरातला कुठलाही यूएसबी माउस. व्हिडिओ काढायला दुसऱ्या कुणाचा तरी फोन. सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर फोनचं बिल आणि आयएमईआय नंबर लागेल. तो डब्यावर असतो, किंवा डायल पॅडवर `*#06#` टाकलं की दिसतो. डबा हरवला असेल तर फोन शुद्धीवर आहे तोवरच लिहून ठेवा.

## १. आधी फोन गप्प करा

सगळ्यात मोठा धोका लॉक स्क्रीनवर असतो. खोटे टच चुकीचा पिन टाकत राहतात आणि फोन आधी अर्धा मिनिट, मग त्याहून जास्त वेळ कुलूपबंद होत जातो. आयफोनमध्ये `Erase Data` हे सेटिंग चालू असेल तर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळा डेटा पुसला जातो. ते चालू आहे का हे आधी बघा आणि तूर्त बंद करा. यूपीआयला पिन लागतो, त्यामुळे पैसे सहसा आपोआप जात नाहीत. पण कॉल जातात, मेसेज जातात, ग्रुपमध्ये नको ते स्टिकर जातात.

फोन फारच उधळला असेल तर स्क्रीनशी झटापट करू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटन एकत्र दहा-पंधरा सेकंद धरलं की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शांत झाला की लगेच फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या. बोट चालतच नसेल तर ओटीजी लावून माउस जोडा. स्क्रीनवर कॉम्प्युटरसारखा बाण येतो आणि त्याने सगळं उघडता येतं. माउस लावल्याने खोटे टच थांबत नाहीत, पण त्यांच्या मधल्या उसंतीत काम होतं. मी माझे फोटो असेच वाचवले, स्वयंपाकघरात उभं राहून, जुन्या डेस्कटॉपचा माउस पोळपाटावर फिरवत.

## २. खोट्या टचांचा नकाशा काढा

ही पायरी दुकानात कुणी करत नाही, म्हणून ती नीट करा. अँड्रॉइडमध्ये `Settings` मध्ये `About phone` उघडा आणि `Build number` वर लागोपाठ सात वेळा टच करा. सॅमसंगमध्ये ते `Software information` च्या आत असतं. शाओमीत त्याऐवजी `MIUI version` किंवा `OS version` वर सात वेळा. मग `Developer options` नावाचा नवा भाग दिसू लागतो. त्यात `Pointer location` चालू करा.

आता स्क्रीनच्या माथ्यावर एक पट्टी येते. त्यात `P` म्हणजे या क्षणी किती टच आहेत, आणि `X`, `Y` म्हणजे ते कुठे आहेत. जिथे टच होतो तिथे उभी-आडवी रेघ उमटते. फोन टेबलावर ठेवा, हात मागे घ्या आणि पाच मिनिटं नुसतं बघा. नवा टच आला की आधीच्या रेघा पुसल्या जातात, त्यामुळे डोळ्यांनी लक्षात राहत नाही. दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा आणि मग थांबवत थांबवत आकडे लिहा.

माझ्या फोनची स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलची आहे. पहिल्या पाच मिनिटांत तेवीस खोटे टच आले. त्यातले चार इकडेतिकडे विखुरलेले होते. उरलेल्या एकोणीस टचांचा `X` कायम ८९० ते ९५५ च्या मध्ये होता, `Y` मात्र वरपासून खालपर्यंत कुठेही. म्हणजे उजव्या कडेजवळ एक उभा पट्टा, रुंदी पासष्ट पिक्सेल. माझ्या स्क्रीनवर हे सुमारे चार मिलिमीटर होतात. जाळीतल्या एका तारेचा टापू जवळपास तेवढाच असतो. हा पहिला ठोस पुरावा होता, पण मी तेव्हा घाई केली नाही, आणि तुम्हीही करू नका.

आयफोनमध्ये असा पर्याय नाही. तिथे `Notes` मध्ये चित्र काढायचं पान उघडा आणि फोन सोडून द्या. खोटे टच स्वतःच रेघोट्या मारतात.

## ३. चार्जर काढा, मग पुन्हा लावा

तीन वेळा पाच-पाच मिनिटं तोच व्हिडिओ काढा: चार्जर काढून, घरचा चार्जर लावून आणि पॉवर बँक लावून. पॉवर बँकेचा घरातल्या विजेशी संबंध नसतो, म्हणून तिच्यावर फोन शांत आणि भिंतीतल्या चार्जरवर वेडा असेल तर चोर चार्जर आहे. स्वस्त चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे भाग कमी असतात, आणि तो गोंगाट वायरीतून थेट फोनमध्ये येतो.

चार्जरच्या खोट्या टचांची एक खूण आहे. ते बहुतेक वेळा तुमचं खरं बोट स्क्रीनवर असतानाच येतात आणि त्या बोटाच्याच उभ्या किंवा आडव्या रांगेत उमटतात. बोट हलवलं की तेही सोबत सरकतात. हात काढला की बरेचदा थांबतात. फोन गादीवर ठेवून एका बोटाने चालवला तर त्रास वाढतो, हातात नीट धरला तर कमी होतो, कारण हातात धरल्यावर बोट आणि फोन विजेच्या दृष्टीने एका पातळीवर येतात.

माझ्याकडे चार्जर लावला की तेवीसचे एकेचाळीस झाले, तेही हात न लावता. म्हणजे चार्जर भर घालत होता, पण मूळ दुखणं त्याचं नव्हतं. तो चार्जर मी रेल्वे स्टेशनसमोरून दीडशे रुपयांत घेतला होता, आणि कूलर ज्या एक्स्टेंशन बोर्डावर चालतो त्याच बोर्डाला लावत होतो. तो टाकून दिला. चार्जरने वाढवलेले टच त्यानंतर गेले. पट्टा तसाच राहिला.

## ४. ओल आणि घाम

नागपुरात ही पायरी वर्षातून दोनदा कामाला येते. उन्हाळ्यात घाम आणि कूलरचे उडणारे तुषार, जूननंतर पाऊस. साध्या पाण्याच्या एकट्या थेंबाला नवे फोन बऱ्यापैकी ओळखतात आणि दुर्लक्ष करतात. पण तोच थेंब पसरून फोनच्या फ्रेमला किंवा तुमच्या बोटाला टेकला की फसतात. घामात मीठ असतं, त्यामुळे तो साध्या पाण्यापेक्षा जास्त त्रास देतो. गाडी चालवताना कानाला घट्ट दाबून बोलणाऱ्यांना, किंवा शर्टाच्या खिशात फोन ठेवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असेल.

फोन बंद करा. कव्हर काढा. मऊ कापडाचा कोपरा किंचित ओला करून स्क्रीन आणि विशेषतः कडा पुसा, मग कोरड्या भागाने पुसा. मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ते कापडावर घ्या, फोनवर शिंपडू नका. कूलरचं पाणी आपल्याकडे जड आहे, त्याचे तुषार सुकून कडेला पांढरा थर राहतो आणि तो पुन्हा ओल धरतो. म्हणून कडा सोडू नका.

पाणी आत गेल्याचा संशय असेल तर सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं तोंड खाली करून फोन पंख्याखाली उभा ठेवा आणि चोवीस तास चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसू नका. तांदळाचे कण पोर्टमध्ये अडकतात, आणि अॅपल कंपनीच्या सूचनांमध्येही हे करू नका असंच म्हटलंय. हेअर ड्रायर नको. गच्चीवरचं ऊन तर अजिबात नको. ४५ अंशांच्या उन्हात काळा फोन ठेवला की पाणी वाळायच्या आधी बॅटरी आणि गोंद खराब होतो. नव्या बुटांच्या किंवा बॅगांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवल्या असतील तर त्या आणि फोन एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ऑगस्टच्या दमट हवेत पंख्यापेक्षा हे बरं.

सुकल्यावर पुन्हा पाच मिनिटांचा व्हिडिओ. ओलीचे टच जागा बदलतात आणि सुकताना कमी कमी होत जातात. माझ्याकडे चोवीस तासांनंतर अठरा टच, आणि तोच पट्टा.

## ५. टेम्पर्ड ग्लास उतरवा

लोक इथेच अडखळतात, कारण ग्लास काढायला जीवावर येतं. दीडशे-दोनशेचा ग्लास आणि अडीच हजाराचं फोल्डर, हिशोब तुम्हीच करा.

नुसती काच खोटा टच तयार करत नाही. ती जाडी वाढवते, त्यामुळे उलट टच कमी लागतो. भानगड दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे ज्या ग्लासला फक्त कडेने गोंद असतो त्याच्या मध्ये हवेची पोकळी राहते, आणि कडेचा गोंद सुटला की तिथून घाम आत शिरतो. बाहेरून कितीही पुसा, तो आतच. ग्लास तिरका धरून उजेडात पाहिला तर इंद्रधनुषी डाग किंवा दमटपणाची कड दिसते. त्यात कव्हर घट्ट असेल तर ते ग्लासची कड उचलून धरतं.

दुसरी भानगड काकूंच्या फोनची. "माह्या फोनले काय झालं पाह्य बरं, हात नाही लावला तरी चालते," म्हणत त्या आल्या. `Pointer location` लावून मी बोट स्क्रीनच्या जरा वर नुसतं अधांतरी धरलं, तर रेघ उमटली. बोट टेकलंच नव्हतं. ग्लास लावणाऱ्याने टच नीट लागावा म्हणून `Display` मधलं `Touch sensitivity` चालू करून दिलं होतं. ते चालू असलं की चिप अगदी छोटा फरकही बोट समजते. मग कणकेचा ओला हात जवळून गेला तरी टच, बाष्प जमलं तरी टच. ते बंद केलं आणि काकूंचं फोल्डर वाचलं. काही फोनमध्ये याच सेटिंगला `Glove mode` असं नाव असतं.

ग्लास काढताना एका कोपऱ्यापासून सुरू करा. नखाने थोडा उचला, खाली जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवा आणि हळूहळू पुढे न्या. हेअर ड्रायर इथेही नको, हाताची ऊब पुरते. वाकड्या कडांच्या स्क्रीनवर यूव्ही दिव्याने सुकवलेला पातळ गोंद असेल तर तो दुकानातच काढून घ्या. तो कधीकधी स्पीकरच्या जाळीत आणि बटनांत उतरलेला असतो.

माझा ग्लास निघाला आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, एक केसाएवढी रेघ दिसली. बोटाने लागत नव्हती. नख फिरवलं तेव्हा अडकली. तीन आठवड्यांपूर्वी फोन ओट्यावरून पडला होता. वरचा ग्लास शाबूत होता म्हणून मी निर्धास्त होतो. ती रेघ जिथून वर जात होती, तिथून सरळ वर माझा पट्टा होता.

## ६. कॅलिब्रेशनच्या नावाखाली वेळ घालवू नका

प्ले स्टोअरवर टच कॅलिब्रेट करून देणारी कितीतरी अॅप्स आहेत. ती चार चौकोनांवर टच करायला लावतात, एक पट्टी भरताना दाखवतात आणि झालं म्हणतात. दाबावर चालणाऱ्या जुन्या स्क्रीनच्या काळात कोपऱ्यांवर टच करून जुळवणी खरंच करावी लागायची. आताच्या स्क्रीनमध्ये कोऱ्या स्क्रीनचं माप टच आयसी स्वतःच घेते आणि साध्या अॅपला तिथे हात घालता येत नाही. ही अॅप्स जाहिराती दाखवतात, दुसरं काही नाही.

हातात असलेलं खरं कॅलिब्रेशन एकच आहे: स्क्रीन पूर्ण कोरडी आणि पुसलेली, चार्जर काढलेला, फोन सपाट ठेवलेला, आणि सुरू होईपर्यंत स्क्रीनला हात न लावता रीस्टार्ट. ओल्या स्क्रीनवर किंवा अंगठा टेकवून फोन सुरू केला तर चिप तेच माप कोरं समजू शकते, आणि ओल गेल्यावर उलटा गोंधळ सुरू होतो. अशा गोंधळात एक नीट रीस्टार्ट खरंच काम करतो.

त्यानंतर सेफ मोड. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेनूतल्या `Power off` वर बोट दाबून धरलं की विचारणा येते. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अॅप्स बंद असतात. तिथे खोटे टच गेले तर अलीकडे टाकलेलं एखादं अॅप बघा, विशेषतः स्क्रीनवर तरंगणारं बटन दाखवणारं किंवा आपोआप टच करून देणारं. तसं क्वचितच निघतं. कंपनीच्या अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर पुढच्या अपडेटची वाट पाहायला हरकत नाही. फॅक्टरी रीसेट मात्र शेवटी, आणि बॅकअप असेल तरच. माझ्या फोनमध्ये सेफ मोडमध्येही तोच पट्टा होता, म्हणून मी रीसेट केलाच नाही.

## ७. बॅटरी फुगली आहे का पाहा

ही दोन मिनिटांची पायरी आहे, पण वगळू नका. फुगलेली बॅटरी स्क्रीनला मागून ढकलते आणि दाबाच्या जागी खोटे टच येतात. फोन काचेच्या टेबलावर उताणा ठेवा आणि कोपऱ्यावर हलकेच बोट टेकवा. डुगडुगला तर संशय घ्या. मागचा कॅमेरा मध्ये येत असेल तर स्क्रीन खाली ठेवूनच पाहा. कडेला फ्रेम आणि स्क्रीनच्या मध्ये फट पडली आहे का तेही बघा. तसं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा, फोन बंद करा, आणि फट बंद करायला दाबू नका. हे काम बॅटरी बदलणाऱ्याचं आहे, आणि बरेचदा बॅटरी बदलल्यावर टच आपोआप सुधारतो.

## ८. फोल्डर खरंच गेलंय हे कसं ठरवायचं

चार्जर नाही, ग्लास नाही, स्क्रीन कोरडी, फोन सेफ मोडमध्ये, बॅटरी सपाट. एवढं करूनही खोटे टच त्याच उभ्या किंवा आडव्या पट्ट्यात येत असतील तर जाळीतली तार किंवा तिची जोडणी बिघडली आहे. अजून एक खात्री: एखादं अॅपचं चिन्ह दाबून धरा आणि सगळ्या स्क्रीनवर ओढत फिरवा. पट्ट्यावर आल्यावर ते हातातून सुटलं तर ती तार बोटही नीट ओळखत नाही. माझ्याकडे सहापैकी चार वेळा सुटलं. सॅमसंगमध्ये `*#0*#` डायल केलं की तपासणीचा मेनू येतो, शाओमीत `*#*#6484#*#*`. त्यातली टचची चाचणी हेच चौकोन भरून दाखवते.

पट्टा नसून खोटे टच सगळीकडे, आणि फोन हलकेच पिळल्यासारखा धरला की वाढतात किंवा थांबतात, असं असेल तर फोल्डर घ्यायची घाई करू नका. आतल्या पट्टीचं कनेक्टर ढिलं असू शकतं किंवा दोष मदरबोर्डवर असू शकतो. आयफोन ६ प्लसमध्ये बोर्डवरच्या टच आयसीच्या जोडण्यांनी हाच घोळ केला होता आणि तिथे नुसती स्क्रीन बदलून उपयोग होत नव्हता. आयफोन ११ च्या काही नगांमध्ये मात्र दोष स्क्रीनमध्येच होता आणि अॅपलने २०२० च्या डिसेंबरपासून त्या फुकट बदलून दिल्या. म्हणून आपल्या मॉडेलसाठी कंपनीची अशी काही योजना आहे का, हे खिशात हात घालण्याआधी कंपनीच्या साइटवर पाहा.

पूर्वी वरची टच काच वेगळी बदलून मिळायची. आता बहुतेक फोनमध्ये टचची जाळी डिस्प्लेतच असते, त्यामुळे अख्खं फोल्डर बदलावं लागतं. दुकानदार तुम्हाला लुबाडायला असं सांगत नाही.

## ९. दुकानात गेल्यावर

आधी वॉरंटी बघा. पडल्याची खूण किंवा पाण्याची निशाणी असेल तर वॉरंटीत सहसा बसत नाही. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तोच पाहतं. तरी सर्व्हिस सेंटरचा भाव विचारून घ्याच. मला ४,३०० सांगितले, म्हणजे बर्डीच्या दुकानाशी घासाघीस करायला एक आकडा हातात आला.

दुकानात फोल्डरचे दोन-तीन दर्जे मिळतात. ओरिजिनल किंवा सर्व्हिस पॅक, त्याखाली ओजी, त्याखाली कॉपी. नावं दुकानागणिक वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, म्हणून नाव नका विचारू. विचारा की डिस्प्ले अमोलेड आहे की एलसीडी, स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालेल का, आणि किती महिन्यांची बदलून देण्याची गॅरंटी कागदावर लिहून देणार. मूळ अमोलेड असलेल्या फोनला एलसीडीची कॉपी लावली की स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट बंद पडतो.

पिन लिहून देऊ नका. सॅमसंगमध्ये `Maintenance mode` आणि पिक्सेलमध्ये `Repair mode` आहे, ते लावून द्या. नसेल तर समोर बसून काम करून घ्या. तासाभराचं काम असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवं फोल्डर चिकटवण्याआधी नुसतं कनेक्टरला लावून तपासायला सांगा. कॉपी फोल्डरची मोठी तक्रार हीच असते की बॅटरीवर छान चालतं आणि चार्जर लावला की खोटे टच सुरू. मी कारागिराला म्हटलं, "भाऊ, गोंद लावायच्या आधी पाच मिनिटं चार्जिंगवर पाहू." तो म्हणाला, "काही होत नाही भाऊ, रोज दहा टाकतो." तरी लावला. `Pointer location` चालूच होतं. तिसऱ्या मिनिटाला वरच्या भागात आपोआप दोन रेघा उमटल्या. तो काही न बोलता आत गेला आणि दुसरं फोल्डर घेऊन आला. दुसऱ्यावर पाच मिनिटं `P` शून्यावरून हलला नाही. चिन्ह ओढून चारही कोपरे पाहिले, कानाजवळ धरल्यावर स्क्रीन बंद होते का पाहिलं, आणि मगच गोंद. जुनं फोल्डर परत मागून घेतलं. केसाएवढी ती रेघ उजेडात धरून त्यालाही दाखवली.

घरी आल्यावर `Developer options` बंद करा, काही बँकांची अॅप्स ते चालू असताना उघडत नाहीत. फोल्डरला लावलेला गोंद पूर्ण धरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, तोवर नवा टेम्पर्ड ग्लास दाबून बसवू नका आणि फोन उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. ग्लास घ्याल तो पूर्ण गोंदाचा घ्या, आणि दुकानदार सवयीने `Touch sensitivity` चालू करून देतोय का याकडे लक्ष ठेवा.